मराठी विवाह किंवा जन्म दाखल्याचे भाषांतर व्हिसा प्रकरणात वारंवार परत येत असेल तर

ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने दिलेला मराठी दाखला, न्यायालयाच्या आवारात टंकलिखित करून घेतलेले त्याचे इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली नोटरीचा लाल शिक्का, अशी तिन्ही कागदपत्रे जोडून पाठवलेल्या प्रकरणात काही महिन्यांनी अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाचे, म्हणजे यूएससीआयएसचे, पत्र येते. त्यात लिहिलेले असते की दाखल्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर मिळालेले नाही, किंवा भाषांतरकाराचे आवश्यक ते प्रमाणन सोबत नाही. पत्र वाचून बहुतेकांची पहिली धाव पुन्हा नोटरीकडेच जाते. तेच भाषांतर नव्या शिक्क्यानिशी पुन्हा पाठवले जाते आणि त्रुटी जिथल्या तिथे राहते, कारण ती मुळात शिक्क्याच्या अभावामुळे निर्माण झालेली नसते. या लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील प्रकरण घेतले आहे. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे नियम जिथे निराळे पडतात, तेवढे नंतर स्वतंत्रपणे सांगितले आहे.

अमेरिकेचा नियम अगदी थोडक्यात आहे. संघीय नियमसंहितेच्या शीर्षक ८ मधील नियम १०३.२ च्या (बी)(३) या पोटनियमानुसार, परभाषेतील मजकूर असलेल्या कोणत्याही कागदासोबत त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराने प्रमाणित केलेले असावे लागते आणि त्या परभाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास आपण सक्षम आहोत, असेही त्याने प्रमाणित करावे लागते. नियमाची व्याप्ती एवढीच आहे. त्यात नोटरी नाही, मुद्रांक कागद नाही, कोणत्याही सरकारी यादीतील भाषांतरकाराची अट नाही आणि अपॉस्टिलही नाही. परंतु जे आहे ते नेमके आहे. भाषांतर संपूर्ण हवे. भाषांतरकाराच्या निवेदनात 'कम्प्लीट' आणि 'अ‍ॅक्युरेट' हे दोन्ही हवेत. सक्षमतेचा, म्हणजे 'कॉम्पिटंट' असल्याचा, स्पष्ट उल्लेख हवा. आणि हे सारे प्रत्यक्ष भाषांतर करणाऱ्या व्यक्तीने लिहून दिलेले हवे.

आता आपल्याकडील नेहमीचे 'अटेस्टेड' भाषांतर या कसोटीवर लावून पाहिले, तर अडचण लगेच दिसते. त्यावर बहुधा 'ट्रू ट्रान्सलेशन' एवढे दोन शब्द, खाली न लागणारी सही आणि बाजूला नोटरीचा 'ट्रू कॉपी' असा शिक्का असतो. 'ट्रू कॉपी' या शिक्क्याचा अर्थ समोरची छायाप्रत मूळ कागदाशी जुळते एवढाच होतो. भाषांतराविषयी तो काहीच सांगत नाही. शपथपत्र केलेले असेल, तर अमुक व्यक्तीने आपल्यासमोर सही केली, याला नोटरी साक्षी असतो. भाषांतर बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी त्या शिक्क्याने त्याच्याकडे जात नाही. गंमत अशी की १९५२ च्या नोटरी अधिनियमाच्या कलम ८ मध्ये दस्तऐवजाचे भाषांतर करणे आणि भाषांतराची पडताळणी करणे, ही कामेही नोटरीच्या अधिकारात दिलेली आहेत. त्यामुळे मराठी जाणणाऱ्या एखाद्या नोटरीने खरोखरच स्वतः भाषांतर केले असेल, तर भाषांतरकार म्हणून त्याला पूर्ण निवेदन देता येते. पण ते निवेदन त्याने वेगळे लिहून द्यायला हवे. शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही.

एक प्रकरण तपशिलाने पाहू. समजा, पती अमेरिकेचा नागरिक आहे, पत्नी सातारा जिल्ह्यातील एका गावची आहे, आणि विवाहाची नोंद तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत झाली आहे. पतीने पत्नीसाठी आय-१३० हा अर्ज भरला आणि त्यासोबत 'नमुना ई' मधील विवाह नोंदणीचा दाखला व त्याचे भाषांतर जोडले. पुराव्याची मागणी करणारे पत्र, ज्याला सगळे 'आरएफई' म्हणतात, आले. त्यात 'पूर्ण भाषांतर नाही' आणि 'भाषांतरकाराच्या सक्षमतेचे प्रमाणन नाही' अशी दोन वाक्ये होती. ही दोन वाक्ये दोन निरनिराळ्या त्रुटी सांगतात आणि त्यांचे उपायही निराळे आहेत. पहिली त्रुटी भाषांतराच्या मजकुरात आहे, दुसरी निवेदनात. म्हणून पत्रातील नेमके वाक्य आधी वाचावे आणि नंतरच भाषांतरकाराकडे जावे.

मजकुरातील त्रुटी शोधण्यासाठी मूळ दाखला आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून मूळ कागद वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत बोट ठेवत वाचावा. 'नमुना ई' मध्ये सर्वांत वर शासनाचे व नमुन्याचे नाव, अधिनियमाचा संदर्भ आणि शीर्षक असते. त्याखाली मुख्य परिच्छेद असतो: प्रमाणित करण्यात येत आहे की, पतीचे नाव अमुक, राहणार अमुक, आणि पत्नीचे नाव अमुक, राहणार अमुक, यांचा विवाह अमुक दिनांकास अमुक ठिकाणी विधिसंपन्न झाला आणि त्याची नोंद महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये ठेवलेल्या नोंदवहीच्या अमुक खंडातील अमुक अनुक्रमांकावर अमुक दिनांकास करण्यात आली. त्यानंतर ठिकाण, दिनांक, निबंधकाची सही, पदनामाचा शिक्का आणि कार्यालयाचा गोल शिक्का येतो. अनेक दाखल्यांवर वधूवरांची छायाचित्रे, त्यांवर अर्धवट उमटलेला शिक्का, हाताने लिहिलेला जावक क्रमांक आणि पाठीमागे एखादा शेरा किंवा फी भरल्याची नोंद असते.

आपल्या उदाहरणातील भाषांतरात फक्त मधला परिच्छेद सुबक इंग्रजीत उतरवलेला आहे. गोल शिक्क्यातील ग्रामपंचायतीचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव गायब आहे, पदनामाच्या शिक्क्यातील 'ग्रामसेवक तथा विवाह निबंधक' हे शब्द नाहीत, जावक क्रमांक वगळलेला आहे आणि पाठीमागची बाजू छायाप्रतीतच नाही. टंकलेखकाच्या दृष्टीने ही सारी कार्यालयीन किरकोळ भर असते. परंतु तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी येत नाही. त्याला शिक्क्याच्या जागी न वाचता येणारी अक्षरे दिसतात आणि समोरच्या इंग्रजी कागदावर त्या जागी काहीच नसते. दाखला कोणी, कोणत्या अधिकाराने दिला, हे सांगणारा मजकूर नेमका तिथेच असतो, त्यामुळे 'पूर्ण भाषांतर नाही' हा शेरा त्याच्या बाजूने अगदी योग्य ठरतो.

उपाय सोपा आहे, पण तो चिकाटीने करावा लागतो. भाषांतराची मांडणी शक्य तितकी मूळ दाखल्यासारखीच ठेवावी, म्हणजे कोणता मजकूर कशाचा आहे हे मराठी न येणाऱ्यालाही जागेवरून जुळवता येते. जे शब्दरूप नाही, त्याची नोंद चौकटी कंसात करावी: गोल शिक्का आणि त्यातील मजकुराचे भाषांतर, सही, वराचे छायाचित्र, वधूचे छायाचित्र, क्यूआर कोड. शिक्का पुसट असून वाचता येत नसेल, तर कंसात 'वाचता येत नाही' असे लिहावे. शेजारच्या गावच्या दाखल्यावरून अंदाज बांधून भरू नये. जिथे मूळ रकाना कोरा आहे, तिथे 'कोरा' असे लिहावे. अंदाजाने भरलेला एक शब्द आणि प्रामाणिकपणे नोंदवलेली एक रिकामी जागा यांत अधिकाऱ्याला रिकामी जागा कधीही चालते, कारण तिच्याखाली भाषांतरकाराने 'अचूक' म्हणून सही केलेली असते.

दिनांकांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. दाखल्यावर ०५/०३/२०१९ असे असेल, तर आपण तो ५ मार्च वाचतो आणि अमेरिकेत तो ३ मे वाचला जातो. आय-१३० मध्ये विवाहाचा दिनांक महिना आधी घेऊन भरलेला असतो, त्यामुळे दाखला आणि अर्ज यांत तफावत असल्याचा भास होतो आणि नवीच शंका उभी राहते. म्हणून भाषांतरात महिना नेहमी अक्षरी लिहावा. विवाहाचा दिनांक, नोंदणीचा दिनांक आणि दाखला दिल्याचा दिनांक हे तीन निरनिराळे असतात आणि घाईत एकाच्या जागी दुसरा जातो. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

आता निवेदनाकडे येऊ. ते भाषांतराच्या शेवटच्या पानावर खाली किंवा स्वतंत्र पानावर, इंग्रजीतच लिहायचे असते. त्याचा आशय मराठीत सांगायचा तर असा:

'मी, (पूर्ण नाव), प्रमाणित करते की मला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम अवगत आहेत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. (ग्रामपंचायतीचे नाव, तालुका, जिल्हा) यांनी दिनांक (अमुक) रोजी दिलेल्या, खंड क्रमांक (अमुक), अनुक्रमांक (अमुक) असलेल्या विवाह नोंदणी दाखल्याचे सोबत जोडलेले (इतक्या) पानांचे इंग्रजी भाषांतर मी स्वतः केले असून ते मूळ मराठी मजकुराचे पूर्ण व अचूक भाषांतर आहे.'

याखाली सही, टंकलिखित पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल आणि दिनांक. नियमाच्या अक्षरार्थाने पाहिले तर पत्ता आणि दूरध्वनी त्यात सांगितलेले नाहीत. पण सही कोणाची हे कळले नाही, तर प्रमाणन कोणी केले हेच ठरत नाही, आणि इतर देशांना हा तपशील लागतोच. म्हणून तो कधीही वगळू नये.

या निवेदनातील प्रत्येक भागाला कारण आहे. 'मराठीतून इंग्रजीत' ही दिशा लिहिणे आवश्यक आहे, कारण नियमात सक्षमता त्या परभाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्याविषयीच मागितलेली आहे. 'मला दोन्ही भाषा येतात' एवढ्याने ती पुरी होत नाही. भाषा येणे आणि भाषांतर करता येणे हे नियमाच्या नजरेत एकच नाही. 'पूर्ण' हा शब्द नसेल आणि फक्त 'खरे भाषांतर' असे लिहिले असेल, तर अधिकारी ते उतारा समजू शकतो. दाखल्याचा क्रमांक आणि पानांची संख्या लिहिली नाही, तर निवेदन कोणत्या कागदाला जोडले आहे हे पाकीट उघडल्यावर, स्कॅन झाल्यावर किंवा पाने मागेपुढे झाल्यावर कळेनासे होते. या शेवटच्या कारणामुळेच विवाह दाखला, दोघांचे जन्मदाखले आणि एखादे घटस्फोटाचे हुकूमनामे असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र निवेदन जोडावे. सर्वांसाठी मिळून एकच निवेदन करणे वेळेच्या दृष्टीने सोयीचे वाटते, पण हे कागद प्रकरणात निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळ्या ठिकाणी अपलोड होतात आणि निवेदन एकाच ठिकाणी राहून जाते.

सही कोणी करावी, हा दुसरा नेहमीचा घोटाळा आहे. अमेरिकेचा नियम 'भाषांतरकाराने' प्रमाणित करावे असे म्हणतो. भाषांतर संस्थेच्या व्यवस्थापकाने सही केली आणि प्रत्यक्ष भाषांतर दुसऱ्याने केले असेल, तर सक्षमता कोणाची प्रमाणित झाली हा प्रश्न उरतो. म्हणून संस्थेकडून काम करून घेताना प्रत्यक्ष भाषांतरकाराची सही आणि नाव मागून घ्यावे, संस्थेचे नाममुद्रित पत्र हवे तर त्याच्या जोडीला असू द्यावे. अर्जदाराने किंवा ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याने स्वतःच भाषांतर करू नये. नियमात तशी थेट मनाई लिहिलेली नाही, पण स्वतःच्याच पुराव्याची अचूकता स्वतः प्रमाणित करणाऱ्या अर्जदाराकडे अधिकारी कसा पाहील, हे वेगळे सांगायला नको. मराठी व इंग्रजी चांगले येणारे, प्रकरणाशी संबंध नसलेले शिक्षक किंवा सहकारी हे काम नियमात बसेल असे करू शकतात. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेले भाषांतरकार असतात तशी व्यवस्था आपल्याकडे नाही आणि अमेरिकेला ती लागतही नाही, त्यामुळे 'सरकारमान्य' अशी पाटी पाहून जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

जन्मदाखल्याच्या बाबतीत त्रुटी जरा निराळ्या वाटेने येते. महाराष्ट्रातील 'नमुना ५' मधला दाखला द्विभाषिक असतो: रकान्यांची नावे मराठीत आणि इंग्रजीत छापलेली असतात, आणि संगणकावरून निघालेल्या अलीकडच्या दाखल्यात भरलेली माहितीही बहुधा दोन्ही भाषांत असते. ते पाहून अर्जदार समजतो की याला भाषांतर लागणारच नाही. पण नियम 'परभाषेतील मजकूर असलेला' कागद असे म्हणतो. अर्धा इंग्रजी असला तरी उरलेला अर्धा मराठीच असतो. जुन्या हस्तलिखित दाखल्यात रकान्याचे नाव इंग्रजीत आणि समोरची माहिती फक्त मराठीत, अशीच स्थिती असते, आणि तिथे तर भाषांतराशिवाय दाखला निरुपयोगी ठरतो. नव्या दाखल्यातही गोल शिक्का, निबंधकाचे पदनाम आणि शेऱ्याचा रकाना अनेकदा मराठीतच असतात. म्हणून संपूर्ण दाखल्याचे भाषांतर करावे, इंग्रजीत आधीच छापलेला मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि तो मूळ कागदावरच इंग्रजीत असल्याची एक टीप द्यावी. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १२/१७ चा उल्लेख आणि अगदी खाली छापलेली 'प्रत्येक जन्म आणि मृत्यूची नोंद होईल याची खात्री करा' ही ओळसुद्धा सोडू नये. ती ओळ सोडल्याने कोणाचा व्हिसा अडेल असे मला वाटत नाही. पण 'पूर्ण' या शब्दाखाली सही करणाऱ्याने ती का सोडली, याला उत्तरही नाही.

जन्मदाखल्यात नोंदणीचा दिनांक विशेष महत्त्वाचा असतो. जन्म १९८८ मध्ये आणि नोंदणी २०१५ मध्ये असे असेल, तर उशिरा झालेल्या नोंदणीमुळे अधिकारी शाळेच्या दाखल्यासारखे दुय्यम पुरावे मागू शकतो. काही भाषांतरकार अर्जदाराच्या भल्यासाठी म्हणून हा दिनांक गाळतात किंवा जन्मदिनांकाशी जुळवतात. मूळ दाखला शेजारी जोडलेलाच असतो आणि अंक कोणालाही ओळखता येतात, हे ते विसरतात. तफावत उघड झाली की शंका एका दाखल्यापुरती राहत नाही.

व्हिसाच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे कागद अपलोड करताना, नियमाची भाषा थोडी सैल आहे. तिथे इंग्रजीत नसलेल्या, किंवा ज्या देशातून अर्ज केला जातो त्या देशाच्या अधिकृत भाषेत नसलेल्या, कागदांना प्रमाणित भाषांतर जोडावे असे म्हटले आहे. त्यावरून मराठी ही राज्याची अधिकृत भाषा असल्याने भाषांतर नको, असा अर्थ काढला जातो. या सवलतीवर विसंबू नये. तोच विवाह दाखला आय-१३० सोबत यूएससीआयएसकडे जातो आणि तिथे ही सवलत नाही, त्यामुळे भाषांतर तयार असतेच. ते पुढेही जोडावे. अपलोड करताना मूळ दाखल्याचे स्कॅन, भाषांतर आणि निवेदन ही तिन्ही एकाच फाइलमध्ये, याच क्रमाने ठेवावीत. तीन वेगळ्या फाइली केल्या की त्यांपैकी एक चुकीच्या शीर्षकाखाली जाते आणि 'भाषांतर नाही' असा शेरा येतो.

आरएफईला उत्तर देताना एक गोष्ट सांभाळावी लागते. पत्रावर छापलेली मुदत वाढवून मिळत नाही. नियमानुसार ती जास्तीत जास्त १२ आठवड्यांची असते. मागितलेले सारे कागद एकाच वेळी पाठवावे लागतात. आज सुधारलेले निवेदन पाठवले आणि पुढच्या महिन्यात जन्मदाखला पाठवू, असे चालत नाही. अर्धवट उत्तर आले की समोर असलेल्या कागदांवरच निर्णय द्यावा अशी विनंती समजून प्रकरण निकाली काढले जाऊ शकते. म्हणून मूळ दाखल्याची दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत, नवे भाषांतर आणि नवे निवेदन यांसह आरएफईचे मूळ पत्र सर्वांत वर ठेवून एकच पाकीट पाठवावे. जुने भाषांतर पुन्हा जोडू नये. एकाच दाखल्याची दोन भाषांतरे समोर आली, तर त्यांतील फरक हाच नवा प्रश्न होतो.

इतर देशांत हेच निवेदन थोड्या फेरफाराने चालते. ब्रिटनच्या कौटुंबिक व्हिसाच्या नियमांत भाषांतरावर दिनांक, ते मूळ कागदाचे अचूक भाषांतर असल्याची पुष्टी, भाषांतरकाराचे किंवा भाषांतर संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीचे पूर्ण नाव व सही, आणि संपर्काचा तपशील मागितला आहे. म्हणजे अमेरिकेच्या उलट, तिथे संस्थेच्या अधिकाऱ्याची सही चालते, पण दिनांक आणि संपर्क यांशिवाय चालत नाही, कारण व्हिसा अधिकाऱ्याला त्या भाषांतराची स्वतंत्रपणे पडताळणी करता आली पाहिजे. ब्रिटनमध्ये राहूनच मुदतवाढीसाठी किंवा कायम वास्तव्यासाठी अर्ज असेल, तर पात्र भाषांतरकाराचे प्रमाणन आणि त्याच्या पात्रतेचा तपशीलही लागतो. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या भाषांतरकाराला नाटी या संस्थेची मान्यता लागते. भारतातून केलेल्या भाषांतराला ती लागत नाही, मात्र भाषांतरकाराने आपले पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील शिक्षण व अनुभव इंग्रजीत लिहावा लागतो.

कॅनडाचा मामला सर्वांत काटेकोर आहे आणि नोटरी खरोखर लागतो तो इथेच. भाषांतरकार कॅनडातील प्रमाणित भाषांतरकार नसेल, तर भाषांतर खरे व अचूक असल्याचे त्याचे शपथपत्र, ते घेण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यासमोर केलेले, जोडावे लागते. भारतात हे काम नोटरीकडे होते. त्यासोबत ज्या कागदावरून भाषांतर केले त्याची प्रमाणित प्रतही लागते. अर्जदार स्वतः, त्याचे आई-वडील, भावंडे, पती किंवा पत्नी, मुले, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, भाचा, पुतण्या आणि चुलत-मावस भावंडे यांनी केलेले भाषांतर कॅनडा स्वीकारत नाही, मग त्यांपैकी कोणी व्यवसायाने भाषांतरकार असले तरीही. अमेरिकेसाठी तयार केलेले नोटरीशिवायचे निवेदन म्हणून कॅनडाला तसेच पाठवू नये, आणि कॅनडासाठी केलेल्या शपथपत्रात सक्षमतेचे वाक्य नसेल, तर ते अमेरिकेला पाठवू नये.

शेवटी अशी एक अडचण उरते, जी कितीही उत्तम निवेदनाने सुटत नाही, आणि ती म्हणजे नावांची. मराठी नाव रोमन लिपीत एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येते, तेव्हा भाषांतरकाराने पारपत्रातील लेखन पाहून तेच वापरावे. त्यात काही गैर नाही, कारण देवनागरीतील उच्चार तोच राहतो. पण मुळात नसलेले नाव भाषांतरात येऊ शकत नाही. विवाह दाखल्यावर वधूचे नाव लग्नापूर्वीचे, वडिलांच्या नावासह असते आणि पारपत्रावर पतीच्या नावाने व आडनावाने असते. एवढा फरक विवाह दाखला स्वतःच समजावून देतो. मात्र लग्नात मुलीचे पहिले नावही बदलले असेल आणि पारपत्रावर नवे नाव असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे सांगणारा पुरावा, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद, वेगळा जोडावा लागतो. भाषांतरात कंसात 'उर्फ' घालून हे साधत नाही.

जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असणे हे त्याहून नेहमीचे आहे, विशेषतः जन्मानंतर लगेच रुग्णालयामार्फत नोंद झाली आणि बारसे नंतर झाले अशा प्रकरणांत. भाषांतरात तिथे 'कोरा' असेच येईल. उपाय निबंधकाकडे आहे: नाव नंतर दाखल करण्याची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५ मध्ये आहे. ते काम आरएफई येण्याआधीच हाती घ्यावे, कारण नोंदणी कार्यालयाचा वेग व्हिसाच्या मुदतीशी बांधलेला नसतो. दुरुस्त दाखल्यावर निर्गमनाचा दिनांक नवा असतो आणि शेऱ्यात दुरुस्तीची नोंद असू शकते. त्यामुळे त्याचे भाषांतर नव्याने करून घ्यावे आणि निवेदनातही नवाच दिनांक घालून नव्याने सही घ्यावी. जुन्या दाखल्याच्या वर्णनाचे निवेदन नव्या दाखल्याला जोडले, तर कागद पुन्हा परत येतो.